एकाच परातीतली कणीक दोनदा का घट्ट होते?

काकू, नमस्कार. मी सोलापूरला राहते. भाकरी मला चांगली जमते, पण चपातीच्या कणकेने जेरीस आणलंय. मिस्टर कारखान्यात जातात, त्यामुळे पहाटे ५ वाजता अर्धा किलो पिठाची कणीक भिजवून लगेच डब्याच्या चपात्या लाटते. तेव्हा लाटी लाटली की मागे ओढली जाते. बाकीची कणीक परातीत झाकून ठेवते. ९ वाजता मुलांसाठी आणि सासूबाईंसाठी लाटायला घेते, तर ती दगडासारखी झालेली असते आणि कडेला चिरते. उन्हाळा लागल्यापासून जास्तच. शेजारच्या वहिनींनी कडकडीत पाणी घालून बघ म्हणून सांगितलं. भाकरीसारखं आधण ठेवून भिजवली, तर हाताला चिकटली आणि चपाती फुगेना. पीठ गिरणीतून दळून आणलेल्या लोकवन गव्हाचं आहे. पाणी नेमकं कसं घालू?
– एक सून, सोलापूर

तू एक गोष्ट फार बारकाईने टिपली आहेस. पहाटे लाटी मागे ओढली जाते आणि ९ वाजता कडेला चिरते, असं तू वेगवेगळं लिहिलंस. आपण दोन्हीला ‘कणीक घट्ट झाली’ असंच म्हणतो, पण ही दुखणी निराळी आहेत. पहाटेची कणीक ताठ असते आणि ९ वाजताची तहानलेली. ताठ कणकेला वेळ द्यावा लागतो, तहानलेलीला पाणी. त्यांची अदलाबदल केली की काही उपयोग होत नाही.

आधी पहाटेचं बघू. गव्हाच्या पिठात पाणी पडलं की त्यातली प्रथिनं एकमेकांत गुंतून रबरासारखं जाळं धरतात. यालाच ग्लूटेन म्हणतात. कणकेचा गोळा नळाखाली चोळून चोळून धुतलास, तर पांढरं पाणी निघून जातं आणि हातात चिवट, ताणला जाणारा गोळा उरतो, तेच ते. ज्वारीत हे जाळं होत नाही, म्हणून भाकरी थापावी लागते आणि चपाती लाटता येते. कणीक तिंबताना आपण हे जाळं ताणत असतो. नुकतीच तिंबलेली कणीक म्हणजे ताणून धरलेला रबर. ती लाटलीस की मागे येणारच. जोर लावून लाटशील तर चपाती मध्ये जाड आणि कडेला पातळ होते, तव्यावर आक्रसते आणि डब्यात वातड लागते. कणीक झाकून ठेवली की हे ताण आपोआप सैल होतात. त्याला २० ते ३० मिनिटं लागतात. लगेच लाटायला घेतल्यावर कणीक कितीही मऊ भिजवली तरी ती थोडीफार ओढणारच.

आता ९ वाजताचं दुखणं. तू आणतेस ते पीठ गिरणीचं, कोंड्यासकट. कोंडा पाणी पितो, पण सावकाश पितो. शिवाय जात्यावर किंवा गिरणीत दळताना पिठातले स्टार्चचे काही कण चेपले जातात, फुटतात. असे फुटलेले कण अखंड कणांपेक्षा कितीतरी जास्त पाणी ओढतात. म्हणजे ५ वाजता पाणी घातलंस तेव्हा बरंचसं पाणी कणकेत मोकळं होतं, म्हणून ती हाताला मऊ लागली. पुढच्या अर्ध्या-पाऊण तासात कोंड्याने आणि फुटलेल्या कणांनी ते ओढून घेतलं. कणकेतलं पाणी कुठे गेलं नाही, पण मोकळं राहिलं नाही. म्हणून भिजवताना ‘बरोबर झाली’ वाटणारी कणीक लाटायच्या वेळी घट्ट निघते. गिरणीच्या पिठाची कणीक भिजवताना हाताला जरा जास्तच सैल वाटली पाहिजे. लाटताना मनाजोगती व्हायची तर भिजवताना ती तशी नको.

त्यात आपला सोलापूरचा उन्हाळा. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० च्या वर जातो आणि हवा कोरडी असते. परातीवर ताट झाकलं तरी कडेने फट राहते, वर पंखा फिरत असतो. कणकेच्या वरच्या थरातलं पाणी उडून कोरडी साय धरते. मग लाटी करताना तीच साय आत मुडपली जाते आणि चपातीत कडक खडे लागतात, कडा चिरतात. ओलं फडकं टाकावं असं सगळे सांगतात. कोकणात ते पुरतंही, पण आपल्याकडे उन्हाळ्यात फडकंच तासाभरात वाळतं. वाळलेलं फडकं उलट कणकेतला ओलावा ओढतं. म्हणून घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा घे, आतून तेलाचं बोट फिरव आणि कणीक त्यात ठेव. माझ्या घरी उन्हाळ्यातली निम्मी तक्रार एवढ्यानेच गेली.

आपल्या कणकेला काय झालंय हे ओळखायचं असेल, तर तिच्यात बोटाचं पेर दाबून बघ. खड्डा झटकन भरून वर आला तर कणीक ताठ आहे, झाकून ठेव. खड्डा तसाच राहिला आणि त्याच्या कडेला बारीक भेगा दिसल्या तर पाणी कमी पडलंय, नुसतं ठेवून ती मऊ होणार नाही. खड्डा हळूहळू अर्धामुर्धा भरला आणि कड गुळगुळीत राहिली की लाटायला घे.

आता पाण्याच्या ऊन-थंडपणाचं. वहिनींचा सल्ला अगदीच निराधार नाही, पण तो चपातीला जसाच्या तसा लागू होत नाही. का, ते तुला कुरडयांवरून लगेच कळेल. गहू भिजवून, वाटून काढलेला चीक थंड असताना पाण्यासारखा पातळ असतो. तोच चुलीवर ठेवून ढवळला की एका क्षणी एकदम घट्ट, चकचकीत होतो. स्टार्चचे कण साधारण ६० अंशांच्या आसपास पाणी पिऊन फुगायला लागतात, ते हे. भाकरीच्या पिठात आधण घालतो तेव्हा हेच घडतं. ज्वारीला धरून ठेवायला ग्लूटेन नाही, म्हणून फुगलेला स्टार्चच पीठ बांधून ठेवतो. पीठ जुनं होऊन विरी गेली की आपण आणखी कडकडीत पाणी घेतो, तेही याचसाठी.

पण गव्हाच्या सगळ्या पिठावर तू आधण ओतलंस, तेव्हा स्टार्च फुगला आणि त्याच्याबरोबर प्रथिनंही उष्णतेने बिघडली. उकळत्या पाण्यात सोडलेल्या अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो आणि पुन्हा पातळ होत नाही, तसं समज. जाळंच धड झालं नाही. मग कणीक चिकट झाली, लाटी ताणली गेली नाही, आणि चपातीच्या दोन पापुद्र्यांमध्ये वाफ कोंडून राहायला जी अखंड पातळ चादर लागते, ती फाटत राहिली. चपाती फुगली नाही ती म्हणून. तुझा हात चुकला नव्हता.

आणि ‘गरम पाणी’ म्हणजे किती गरम, हे पिठात मिसळल्यावर ठरतं. अर्धा किलो पीठ घरातल्या हवेइतकं, म्हणजे ३० अंशांचं धर. त्यात ६० अंशांचं, बोट बुडवता येणार नाही असं ३४० मिली पाणी घातलंस तरी कणीक ४८-४९ अंशांवरच येते. परात थंड असेल तर त्याहूनही कमी. त्या उष्णतेला स्टार्च फुगत नाही. म्हणजे नुसतं बऱ्यापैकी गरम पाणी घातल्याने भाकरीसारखी उकड होत नाही, पाणी फक्त लवकर मुरतं. उकड हवी तर पाणी खळखळ उकळतंच लागतं, आणि ते थोड्याच पिठावर घालायचं असतं. ते पुढे सांगते.

कोमट पाण्याचा खरा फायदा थंडीत. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पीठ गार, टाकीतलं पाणी गार, परात गार. अशी कणीक पाणी सावकाश पिते आणि हाताला घट्ट लागते. तेव्हा पाणी ४० ते ४५ अंशांचं घे. बोट बुडवून आरामात ठेवता येईल, पण ऊब जाणवेल, एवढं. त्याने कणीक मिसळल्यावर पस्तिशीला येते आणि अर्ध्या तासात छान भिजते. उन्हाळ्यात मात्र पाणी तापवू नकोस. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी तेव्हा स्वतःच कोमट असतं. त्या दिवसांत आणखी गरम पाणी घातलं तर पहाटेची कणीक ९ वाजेपर्यंत चिकट होते, आंबूस वास धरते. माठातलं पाणी चालेल. फ्रिजमधलं नको, त्याने कणीक पंधरा-सोळा अंशांवर उतरते आणि अर्धा तास ठेवूनही पुरती भिजत नाही.

तर तुझी पहाट मी अशी मांडते. वेळ फार वाढत नाही, फक्त कामांची अदलाबदल होते.

उठल्या उठल्या, ५ वाजता, ५०० ग्रॅम पीठ परातीत घे. चाळू नकोस, किंवा फार तर एकदाच चाळ. चिमूटभर मीठ घाल. मीठ जाळं आवळतं, म्हणून अर्ध्या चमच्याहून जास्त नको. घरी बोअरचं जड पाणी वापरत असशील तर त्यातले क्षारही कणीक जरा आवळतात. तेव्हा मीठ आणखी कमी कर किंवा नळाचं पाणी घे. पाणी मात्र तांब्याने अंदाजे नको, महिनाभर तरी मोजून घे. मापाच्या भांड्यात ३५० मिली भर. आधी ३०० मिली पिठात गोलाकार घाल आणि हाताने नुसतं कालव. कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच, दोन मिनिटं. तिंबायचं नाही. उरलेल्यातलं ३० मिली हळूहळू शिंपडत घाल. गिरणीच्या लोकवनाला ३३० ते ३४० मिली साधारण लागतं. कणीक आत्ता हाताला चिकटेल, ओबडधोबड दिसेल. तशीच असू दे. घट्ट झाकून ठेव.

आता २० मिनिटं भाजी चिर, फोडणी टाक, डब्यातली शेंगाचटणी भर. एवढ्यात पीठ पाणी पितं आणि न तिंबताही जाळं बरंचसं आपोआप धरतं. म्हणून नंतर तुला दहा मिनिटं रेटावं लागत नाही. ५ वाजून २५ मिनिटांनी झाकण काढशील तेव्हा कणीक पहिल्यापेक्षा घट्ट आणि गुळगुळीत झालेली दिसेल. त्या वेळी बोटाने दाबून बघ. कडेला भेगा दिसल्या तर राहिलेलं पाणी हाताला लावून दे. मग दोन चमचे तेल घालून तीन मिनिटं तिंब. तेल पाण्याआधी घालू नकोस. तेलाचा थर आधी बसला की पीठ पाणी नीट घेत नाही. तिंबून झाली की पुन्हा दहा मिनिटं झाकून ठेव, म्हणजे तिंबताना आलेला ताठपणा उतरतो. पावणेसहाला डब्याच्या चपात्या लाटायला घे. लाटी ओढली गेली नाही की समज, वेळ बरोबर बसला.

एवढ्या कणकेच्या मध्यम आकाराच्या १८ ते २० घडीच्या चपात्या होतात. त्यातल्या आठ-दहा पहाटे लागतील. उरलेली कणीक परातीत ठेवू नकोस, त्या तेल लावलेल्या डब्यात ठेव आणि वरून दाबून बसव, म्हणजे हवेला तोंड कमी उरतं. ओट्याच्या कोपऱ्यात, गॅसपासून लांब ठेव. ९ वाजता काढशील तेव्हा ती पहाटेपेक्षा थोडी घट्ट असेलच. मग वरून पाणी ओतू नकोस. भिजून तयार झालेल्या कणकेत पाणी पटकन शिरत नाही, ते बाहेर निसरडं होतं आणि आत गोळा तसाच राहतो. बोटांनी कणकेत खड्डे पाड, चमचाभर पाणी शिंपड, झाकून पाच मिनिटं थांब, मग हाताला पाणी लावून मिनिटभर तिंब आणि पुन्हा दहा मिनिटं राहू दे. ऐन मे महिन्यात मात्र साडेतीन-चार तास ओट्यावर ठेवलेली कणीक सैलसर होऊन वास धरू शकते. त्या दिवसांत ९ च्या चपात्यांसाठी साडेआठला वेगळं पाव किलो पीठ भिजव. कणीक फ्रिजमध्ये ठेवायची असेल, तर लाटायच्या अर्धा तास आधी बाहेर काढ. गार कणीक घट्टच लागते, आणि ती घट्ट लागते म्हणून पाणी वाढवलं की नंतर पोळपाटाला चिकटते. फ्रिजमधल्या कणकेचा रंग जरा काळसर पडतो, तो कोंड्याजवळच्या घटकांचा हवेशी संयोग होऊन. नुसता रंग बदलला म्हणून ती खराब झाली असं नाही, वास मात्र बघ.

आता ती थोड्याच पिठाची उकड. मिस्टरांचा डबा दुपारी उघडतो, तोवर चपाती मऊ राहावी असं वाटत असेल तर ही युक्ती कामाची आहे. त्याच ५०० ग्रॅम पिठातलं १०० ग्रॅम वेगळं काढ. त्यावर खळखळ उकळलेलं १२० मिली पाणी एकदम ओत, उलथण्याने ढवळ आणि दहा मिनिटं झाकून ठेव. भाकरीच्या उकडीसारखा लगदा होईल. तो हाताला सोसवेल इतका निवला की उरलेल्या ४०० ग्रॅम पिठात कुस्कर आणि साधं पाणी २३० मिली घालून वर सांगितल्याप्रमाणे कालव. एकूण पाणी ३५० मिली झालं, म्हणजे नेहमीपेक्षा जास्त, तरी कणीक पोळपाटाला चिकटत नाही. फुगलेल्या स्टार्चने ते पाणी धरून ठेवलेलं असतं. चपाती भाजल्यावरही तो ओलावा लगेच सोडत नाही. आणि ४०० ग्रॅम पिठाची प्रथिनं शाबूत असल्यामुळे जाळं टिकतं, चपाती फुगते. तू आणि वहिनी दोघींचं म्हणणं यात बसतं. उकडीचं पीठ मात्र पाचव्या भागाच्या वर नेऊ नकोस, घडीचे पदर सुटेनासे होतात.

हे सगळं करूनही कणीक मऊ आणि चपाती मात्र कडक, असं झालं तर दोष पाण्यात शोधू नकोस, तव्याकडे बघ. तवा पुरता तापला नसेल तर चपाती त्यावर जास्त वेळ राहते आणि तेवढ्यात वाळते. लाटताना पिठी जास्त लावली तरी तेच होतं, ती चपातीतला वरचा ओलावा ओढून तव्यावर करपते.

गिरणीतून पीठ आलं की आणखी एक कर. ते हाताला गरम लागत असेल तर लगेच डब्यात भरून झाकण लावू नकोस. मोठ्या ताटात पसरून निवू दे. दळताना तापलेल्या पिठातला ओलावा उडालेला असतो आणि ते नेहमीपेक्षा जास्त पाणी मागतं. दर नव्या दळणाचं पाणी थोडं वेगळं लागतं, गहू त्याच दुकानाचा असला तरी. मी स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर दळणाच्या तारखेला आकडा लिहून ठेवते. या महिन्यात माझ्याकडे अर्ध्या किलोला ३३५ मिली लागलं, मागच्या दळणाला ३५०. तूही पहिल्या दिवशी मोजून आकडा लिही. मग पुढचं दळण येईपर्यंत पहाटे ५ वाजता झोपेच्या डोळ्यांनीसुद्धा तेवढंच पाणी ओतता येईल.